सपाट पायाचा दशरथ

मुलुंडच्या पाचरस्त्यावर चंद्रप्रकाशशेठचं चार खुर्च्यांचं सलून होतं आणि तिसऱ्या खुर्चीवर दशरथ. हात असा हलका की दाढी करून घेता घेता माणसं घोरायची. देवाने हात देताना हात सैल सोडला, पायांपाशी मात्र चिक्कूपणा केला. दशरथचे दोन्ही तळवे पाटासारखे सपाट. दुपारचे दोन वाजले की तळव्याच्या आतल्या कडेला जळजळ सुरू व्हायची, तिन्हीसांजेला तो खुर्चीभोवती लंगडत फिरायचा.

त्रेपन्न साली गणपतीच्या आदल्या दिवशी घडलं ते असं. श्रावणभर माणसं डोक्याला आणि दाढीला कात्री-वस्तरा लावत नाहीत, त्यामुळे श्रावण सरला की बाप्पा येईपर्यंतचे चार दिवस सलूनवर अख्खा गाव तुटून पडतो. त्या दिवशी सकाळपासून उभा असलेला दशरथ चार वाजता गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर टेकला. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. चंद्रप्रकाशशेठने भरल्या दुकानात त्याला उठवलं, पायावर तांब्याभर पाणी ओतलं आणि लादीवर पाऊल उमटवायला लावलं. मधे खळगा नाही, काही नाही, सबंध तळवा उमटला.

"बघा," शेठ गिऱ्हाइकांना म्हणाला, "माणसाचा पाय आहे का हा? म्हणूनच माझ्या धंद्याला बरकत नाही."

लोक हसले. ज्यांच्या माना दशरथच्या वस्तऱ्याखाली रोज निवांत पडायच्या, तेही हसले. दशरथने आपली पेटी उचलली. पायरीवरून एवढंच बोलला की, शेठ, पुढच्या गणपतीला रात्री तुमच्या दुकानाला फळ्या लागतील तेव्हाही मी उभा असेन. तेही हसण्यावारी गेलं.

समोरच्या रांगेत गुणाजी वाण्याने आपल्या दुकानाची पडवी त्याला दिली. एक खुर्ची, एक आरसा, आणि आरशात काय दिसावं, तर रस्त्यापलीकडचं शेठचं सलून. आरसा तसा लावला होता मुद्दाम. राग शिळा होऊ नये म्हणून.

त्याच्या गिऱ्हाइकांत इसिडोर नावाचा एक ख्रिश्चन होता, मूळचा इथल्याच गावठाणातला. एका मोठ्या इस्पितळाच्या कारखान्यात तो अपंगांचे बूट आणि पट्टे बनवायचा. त्याने दशरथला चवड्यांवर उभं केलं. टाचा उचलल्या तशी तळव्याला कमान आली, टाचा टेकल्या तशी गेली. इसिडोरने मान डोलावली. म्हणाला, पाय ताठलेला नाही, नुसता ढिला आहे, याचं काहीतरी होईल. मग त्याने कॉर्क आणि चामड्याच्या दोन तळपट्ट्या बनवल्या, आतल्या बाजूला उंचवटा असलेल्या. चपलेत त्या टिकेनात, म्हणून दशरथ नाडीचे बूट घालू लागला. बूटवाला न्हावी म्हणून पाचरस्त्यावर नवी चेष्टा सुरू झाली.

तळपट्ट्यांबरोबर इसिडोरने पायाचे व्यायामही सांगितले होते. इस्पितळात तसल्या रोग्यांकडून ते करून घेताना त्याने रोज पाहिले होते. दशरथने ऐकलं आणि सोडून दिलं. कारण तळपट्ट्या घातल्या आणि आठवड्याभरात दुखणं गेलं! चौपन्नचा श्रावण अख्खा सुखात गेला. आता शेठची जिरवायची तेवढी बाकी, असं तो गुणाजीला सांगत सुटला.

पण श्रावणात गिऱ्हाईक होतं कुठे? दिवसातून तीन-चार माणसं, बाकी वेळ दशरथ स्वतःच खुर्चीत बसून पेपर वाचायचा. पायाला आराम बसण्याने किती आणि कॉर्कने किती, हा हिशोब त्याच्या डोक्यात आलाच नाही. वर्षानुवर्षं श्रावण बघितलेल्या माणसाची ही चूक.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला त्याने वस्तरा परजला. दोनची वेळ निघून गेली, तळपट्ट्यांनी तेवढं खरंच केलं. पाच वाजता मात्र तळव्यात निखारे ठेवल्यासारखं झालं आणि सहा वाजता त्याच्या हातून एकाचा कान कापला. गुणाजीने त्याला बसवलं. रांगेतली माणसं उठून समोर गेली. तेव्हा चंद्रप्रकाशशेठ मुद्दाम रस्ता ओलांडून आला.

"पुढच्या वर्षी खुर्च्या दोन आण," तो म्हणाला. "एक गिऱ्हाइकाला, एक तुला."

त्या वाक्याने दशरथचं जेवण गेलं, झोप गेली. शेठचा गळा आपल्या वस्तऱ्याखाली आहे असं त्याला स्वप्न पडायचं आणि जागं झाल्यावर वाईट वाटायचं ते स्वप्न मोडल्याचं. चौथ्या दिवशी तो इसिडोरच्या दारात जाऊन उभा राहिला. तळपट्टी खोटी निघाली म्हणाला. इसिडोर जराही चिडला नाही.

"खोटी नाय रे," तो म्हणाला. "माझी पट्टी तुझा पाय उचलून धरते, त्याला ताकद देत नाय. ती तुलाच आणायला लागेल. दोन-तीन महिने काय कळणार नाय, पण सोडायचं नाय."

मग सुरू झालं. पहाटे अनवाणी बसायचं, जमिनीवर टॉवेल पसरायचा, टाच न हलवता बोटांनी तो जवळ ओढायचा. मग बोटं न मुडपता चवडा टाचेकडे खेचून तळवा आखूड करायचा आणि तसाच धरायचा. मग भिंतीला हात लावून चवड्यांवर चढायचं आणि सावकाश उतरायचं, आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी एकेका. पहिल्या पंधरवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना तो बायकोच्या, मालनच्या खांद्याला धरायचा. रोज ते टॉवेल खेचणं, ते दातओठ खाणं बघून ती एकदा म्हणाली, "तुमी टॉवेल ओढतास की त्या शेटची मिशी?"

मिशीच. दशरथने कबूल केलं. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी त्याने वर्षभर हे केलं असतं, असं मला वाटत नाही. देवासाठी तर नाहीच.

दिवाळी झाली तरी काही फरक नव्हता. नाताळच्या सुमारास दुखणं उशिरा यायला लागलं. वैशाखात, लग्नसराईच्या गर्दीत, त्याने मुद्दाम तळपट्ट्या काढून पाहिलं. चार वाजेपर्यंत निभावलं. दुसऱ्या दिवशी घालून पाहिलं, तर दुकान बंद होईपर्यंत. त्याने त्या परत बुटात घातल्या आणि टॉवेलही सोडला नाही. सुडाच्या कामात कोण जास्त उपयोगाचं, हा वाद त्याला परवडण्यासारखा नव्हता.

पंचावन्नचा गणपती आला. आदल्या दिवशी सहाला दशरथ उभा राहिला. जेवायला बसला तेवढाच. पाच वाजले, सहा वाजले. आरशात त्याला शेठची दुसरी खुर्ची रिकामी झालेली दिसली, मग चौथी, कारागीर दमून मागे जाऊन बसले होते. आठ वाजता शेठ नेहमी फळ्या लावायचा. त्या दिवशी लावल्या नाहीत. समोरचा दुकान बंद करतो की नाही हे बघत तो स्वतः वस्तरा घेऊन उभा राहिला, साठीचा माणूस. साडेआठला त्याने हात टेकले आणि एक फळी लावली.

दशरथने शेवटचं गिऱ्हाईक उठवलं. बूट काढले, पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ओल्या पायांनी रस्ता ओलांडून शेठच्या पायरीवर चढला. अजून पाच-सहा माणसं आत होती. शेठच्या लादीवर त्याने उजवा पाय दाबून ठेवला आणि उचलला. वर्षभराच्या मेहनतीने कमान आली असेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी वाकून पाहिलं. पाऊल अगदी पूर्वीचंच होतं, सबंध सपाट.

"तोच पाय आहे, शेठ," दशरथ म्हणाला. "नीट बघून घ्या."

या वेळी कोणी हसलं नाही. अडीच तपं उभं राहिलेले शेठचे पायही त्या दिवशी संपले होते. तो मागे सरकला आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसला, त्याच बाकड्यावर.

दशरथला फार गोड वाटलं. दया यायला हवी होती म्हणतात, ती आली नाही. शेठ उठेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.