मराठवाड्याचा बारीक तुकडा

मार्केट यार्डाजवळच्या एका लोणची-मसाल्याच्या कंपनीत मी विक्रीचे आकडे सांभाळायचे. ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि आमच्या साहेबांना पाय-चार्टचं वेड लागलं. तेही थ्री-डी, जाडजूड, आडव्या ठेवलेल्या केकसारखे. दर तिमाहीचा एक, आणि त्यात पुणे विभागाचा तुकडा कायम समोर, कारण कंपनी पुण्याची. दुसऱ्या कोणाला समोर आणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

त्या वर्षी पुण्याच्या विक्री मॅनेजरांनी पिल्लू सोडलं की मराठवाड्याचा डेपो बंद करावा. चारही चार्टांत त्याचा तुकडा बारीकच की! डेपो गेला म्हणजे तिथल्या विक्री अधिकाऱ्याची नोकरी गेली. मी आकडे काढून पाहिले, तर त्या माणसाची विक्री दर तिमाहीत वाढलेली. पण चार वेगवेगळ्या गोलांतले तुकडे ताडून बघणार कोण? माझं डोकंच फिरलं. साहेबांना सांगायला गेले, तर म्हणाले, आकडे कोण वाचतं, चित्र बोलतं. बरं, म्हटलं, बोलायला लावते.

बैठकीत मी चौथ्या तिमाहीचा चार्ट नुसता फिरवून लावला. मराठवाडा समोर, पुणे मागे. टक्केवारी लिहिलेली साहेबांना खपायचीच नाही, गर्दी होते म्हणे. समोरच्या तुकड्याची जाड कडही दिसते, म्हणून तो भरलेला वाटतो, मागचा चपटा.

साहेबांनी चष्मा पुसला. "वा, मराठवाड्यानं एकदम उचल खाल्लेली दिसते."

"काही खाल्लेलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही आधी पाहिलेलाच चार्ट आहे. मी फक्त फिरवलाय."

पुण्याचे मॅनेजर कावरेबावरे होऊन पंख्याकडे बघत बसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग मी माझा चार्ट लावला. साधे उभे स्तंभ, सगळे शून्यापासून सुरू, प्रत्येक विभागाच्या चार तिमाही शेजारी शेजारी. मराठवाड्याचे स्तंभ ठेंगणे, पण प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. पुण्याचे धिप्पाड, आणि चौथा चक्क खाली आलेला.

साहेब मला म्हणाले, हे आधी का नाही दाखवलंत? डेपो मात्र राहिला.

संध्याकाळी मी मुद्दाम मराठवाड्याच्या त्या अधिकाऱ्यांना फोन लावला. मला वाटलं, ते पुणेकरांना चार शिव्या घालतील, आपणही दोन घालू. मी स्तंभांचं सांगितलं, तर त्यांनी चारही तिमाहींचे आकडे मला पुन्हा वाचायला लावले. साहेबांचे पाय-चार्ट त्यांनाही दर तिमाहीला जायचे आणि बेरजेचे आकडे मात्र पुण्यातच राहायचे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "आम्ही वाढत होतो? मी तर घरी सांगून टाकलं होतं, आपल्याच्यानं नाही जमलं म्हणून."