न्याहारीच्या जागी तूप-कॉफी

अख्ख्या कडेगावात पोट कमी करायचं माझ्याएवढं कुणाला जमलं न्हाई. पोट गेलं, पण रगताच्या रिपोर्टात दुसरंच वर आलं.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणला हुता, "मामा, सकाळची भाकरी सोडा. कॉफीत चमचाभर तूप घुसळून प्या, दुपारपतुर भूक लागत न्हाई." चमच्यानं काय हुतंय म्हणून मी आमटीचा डाव घेतला. तीन महिनं घरच्या म्हशीचं तूप रवीनं घुसळून प्यालो. भूक खरंच लागंना. चार किलो उतरलो.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "वाईट कोलेस्टेरॉल खूप वाढलंय."

"आवं, पण मी बारीक झालोय की!"

"बारीक माणसाचंही वाढतं. एवढ्या तुपानं लिव्हर ते रक्तातनं कमी उचलतं, मग ते शिरांत साठत जातं. तुमच्या थोरल्या भावाला अटॅक येऊन गेलाय ना? तूप-कॉफी बंद. भाकरी खा, दोन महिन्यांनी परत तपासू."

वजन खाली, कोलेस्टेरॉल वर. माझ्या डोक्यात काय बसंना. बाहेर आल्यावर बायकोला म्हणलं, "घरचं तूप कसं गं बाधंल?"

ती म्हणली, "तूप घरचंच हुतं. अक्कल तेवढी गहाण ठिवून प्यालासा."