बारा वेळा बदलणारी हवा

सूड घ्यायचा तर माणसाजवळ काहीतरी हत्यार लागतं. माझ्याजवळ इंटर सायन्सला दोनदा नापास झाल्याचा अनुभव होता, आणि त्या अनुभवात शिल्लक राहिलेलं थोडंसं त्रैराशिक. तरी गोंदियाच्या त्या लाखेच्या कारखान्यात मला ‘केमिस्टबाबू’ म्हणत. काम एवढंच, की चपड्याचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, नमुना वितळवून तो किती स्वच्छ आहे ते बघायचं आणि मॅनेजरसाहेबांना आवडेल असा आकडा सांगायचा.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. कारखान्यात लाकडी पेट्यांना पॉलिश करायचं काम आलं होतं. चपडा स्पिरिटात विरघळवून उघड्या टबांत ठेवायचा, कापडाने पेटीवर चोळायचा, पेट्या तिथेच वाळवायच्या. माझा धाकटा भाऊ त्या पॉलिशच्या खोलीत कामाला होता. एका दुपारी तो बाहेर आला तो भिंत धरत. डोळे लाल, अंगाला स्पिरिटचा वास, बोलणं जड. मॅनेजरसाहेबांनी त्याला अंगणात उभं केलं, खडूने एक रेघ ओढली आणि तिच्यावरून चालायला लावलं. भाऊ दोनदा रेघेबाहेर गेला. साहेब हसले, त्यांच्या मागचे हसले, आणि मला बोलावून म्हणाले, “बाबू, भाई को सँभालो. दिन में ही पीके आता है.”

भाऊ कंठीधारी, गळ्यात तुळशीची माळ घालून दारू-मांस सोडलेला. त्याची सासुरवाडी आमगावकडची, तीही कंठीची. त्या घरात मोहाच्या फुलांचं नाव काढलं तरी चूळ भरतात. शेतात त्यांचीही मोहाची झाडं होती, पण फुलं विकत आणि घरात बोलत नसत. बातमी आमगावला कशी पोचली हे विचारू नका. आगगाडी पॅसेंजर होती, बातमी मेल होती. इवाई, म्हणजे भावाचे सासरे, आले, लेकीला घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, की जवाई पीत नाही हे चार माणसांत सिद्ध होईस्तोवर पोरगी माहेरीच राहील, आणि नाही झालं तर कंठी आम्हीच काढून घेऊ.

भाऊ जेवेना. मी त्याला म्हटलं, तू पिऊन आला नव्हतास हे मला ठाऊक आहे. तो म्हणाला, “तुले ठाऊक होऊन काय फायदा गा भाऊ? तुले कोण विचारते?”

हे खरं असल्यामुळे जास्त लागलं. त्या दिवसापासून मी सूडाचा विचार करू लागलो. आधी साहेबांच्या चहात काहीतरी घालावं असं मनात आलं, पण त्यांचा चहा मीच चाखून देत असे. मग हिशेबाकडे वळलो.

हिशेब असा. त्या खोलीला दर तासाला साधारण एक गॅलन स्पिरिट लागे. पेट्या तिथेच वाळत, म्हणजे टबातलं असो की पेटीवरचं, शेवटी सगळं स्पिरिट उडून त्याच हवेत जाणार. एक गॅलनचं वजन सव्वाआठ पौंड. उडालं की आमच्याकडच्या उकाड्यात त्याची सुमारे सत्तर घनफूट वाफ. हजार घनफूट हवेत एक घनफूट वाफ, इथवर माणसाने दिवसभर काम करावं, असं पुस्तकात होतं. तेव्हा सत्तर घनफूट वाफ इतकी पातळ करायला हजारपट, म्हणजे तासाला सत्तर हजार घनफूट ताजी हवा पाहिजे. खोली तीस फूट लांब, वीस रुंद, बारा उंच. सात हजार दोनशे घनफूट. सत्तर हजाराला सात हजार दोनशेने भागलं, उत्तर नऊ पूर्णांक सात. म्हणजे खोलीतली हवा तासाला जवळजवळ दहा वेळा बदलली पाहिजे.

हे उत्तर तीनदा तपासलं, कारण माझ्या उत्तरांचा इतिहास मला माहीत होता. तिन्ही वेळा तेच आलं. मग मी छाती काढून साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, की त्या खोलीला तासाला दहा वेळा हवा बदलायला हवी, ती बदलत नाही, आणि माझा भाऊ दारूने नव्हे तर हवेने झिंगला.

साहेबांनी कपाटातून एक कागद काढला. पॉलिशच्या खोलीत आदल्या वर्षी पंखा बसवला होता, त्याच्या विक्रेत्याने दिलेला. मिनिटाला एक हजार चारशे चाळीस घनफूट हवा बाहेर फेकणारा. गुणाकार मीच करावा असा त्यांचा आग्रह होता. तासाला शहाऐंशी हजार चारशे. भागिले सात हजार दोनशे. बारा.

“दस चाहिए, बारह है,” साहेब म्हणाले. “अब बोल बाबू, दो बार की हवा किसको लौटाऊँ?”

कारकून हसला. साहेबांनी मला हे पुढे कित्येक जणांसमोर ऐकवलं. ‘दो बार की हवा’ हे माझं नावच पडलं. उकाडा झाला की कोणी तरी म्हणे, केमिस्टबाबूकडून मागून आण. माझा सूड माझ्याच गळ्यात बसला होता, आणि भावाची बायको आमगावलाच.

पण माझं गणित बरोबर आणि त्यांचंही बरोबर, तर भाऊ झिंगला कसा? साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी त्या खोलीत जाऊन उभा राहिलो. पंखा होता दाराच्या बरोबर वर. खिडक्या बंद, कारण धूळ आली तर पॉलिश खराब. टब आणि कामगारांची बसायची जागा समोरच्या कोपऱ्यात, जमिनीवर. मी पंखा सुरू केला. धूर करून बघावं असं वाटलं, पण स्पिरिटच्या खोलीत काडी ओढण्याइतका मी अजून नापास झालो नव्हतो. घरून सावरीचा कापूस आणला, उशी फोडून. दारात चिमूट सोडली तर ती सरळ वर गेली आणि पंख्यातून बाहेर. दुसरी सोडली, तीही. मग टबांच्या कोपऱ्यात सोडली. ती हळूच खाली आली आणि जमिनीवर बसली, उशीत होती तशी.

हवा दारातून येत होती आणि दारावरूनच परत जात होती. पाहुण्याने उंबऱ्यावरच ‘येतो’ म्हणावं तशी. बारा वेळा बदलत होती ती दाराजवळची हवा. कोपऱ्यातली, हवेपेक्षा जड अशी स्पिरिटची वाफ जमिनीलगत साचत राहिली, आणि तिथेच माझा भाऊ मांडी घालून बसत होता.

मी हे साहेबांना सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर पंखा बदलला असता आणि सूड राहून गेला असता. सरकारी कारखाना-तपासनीसांची नागपूरहून फेरी येणार होती. मी आमगावला इवाईंना निरोप पाठवला: त्या दिवशी या, दोघं-चौघं भरवशाची माणसं आणा, जवायाचा निकाल तुमच्या डोळ्यांसमोर लागेल.

तपासनीस उंच, कमी बोलणारे होते. खोलीत येताच त्यांनी विचारलं, तासाला किती वेळा हवा बदलते. साहेबांनी ऐटीत ‘बारा’ सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिशातून कापूस काढला. काही न बोलता दारात सोडला, मग कोपऱ्यात. तपासनीसांनी दोन्ही वेळा मान वळवून पाहिलं.

ते म्हणाले, की असल्या बसवणुकीत पंख्याच्या आकड्याला सहाने भागावं, तेही उदार होऊन. मग मला म्हणाले, करा. बारा भागिले सहा, दोन. तासाला चौदा हजार चारशे घनफूट हवा, त्यात सत्तर घनफूट वाफ. हजाराला जवळजवळ पाच भाग. मर्यादेच्या पाचपट. शेवटचा आकडा मी दोनदा म्हटला. गणित चुकेल या भीतीने नव्हे, बरोबर येतंय या आनंदाने.

साहेबांना ते सहन झालं नाही. म्हणाले, सब किताबी बातें हैं, काम चालू करो, मैं खुद वहाँ बैठता हूँ. तपासनीसांनी नको म्हटलं, तरी ऐकेनात. स्टूल मी आणलं. कुठे ठेवायचं तेही मीच ठरवलं: जिथे कापूस पडून होता, टबांच्या मधोमध. मग मनात आलं, कामगार जमिनीवर बसतात, तपासणी खरी व्हावी. स्टूल काढलं आणि चटई अंथरली.

काम सुरू झालं. तपासनीस ऑफिसात कागद बघत बसले. मी दाराशी उभा होतो. चुकून कुणी दार बंद करू नये म्हणून नव्हे. साहेब मध्येच उठतील का ते बघायला. ते उठले नाहीत. हट्टी माणूस. डोळे चोळत, कपाळ दाबत बसून राहिले. शेवटी उठले तेव्हा भिंतीला हात लावून उठले, आणि उंबऱ्याला पाय अडखळून अंगणात आले.

अंगणात आमगावची मंडळी उभी होती. कुणी साहेबांना ओळखत नव्हतं. इवाईंनी या लाल डोळ्यांच्या, घामाघूम, दुरूनच वास येणाऱ्या माणसाकडे पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि आपल्या सोबत्याला म्हणाले, “दिवसाच घेऊन राहिला गा हा. अन् कोटात.”

साहेबांना मराठी धड बोलता येत नसे, पण समजत होती. त्यांचा चेहरा डोळ्यांच्या रंगाचा झाला. मोडक्या मराठीत म्हणाले, “मी दारू पीत नाही. ही खोलीची हवा आहे. अंदर बसला की असाच होतो.”

इवाईंनी नाकावरचं उपरणं काढलं. मग शांतपणे विचारलं, “हे सबन बसनाऱ्यायले होते, का कोट घालनाऱ्यायलेच?”

“सगळ्याला,” साहेब म्हणाले.

“मंग आमच्या जवायाले काऊन दारुडा म्हनलं?”

मी तेवढ्यात ऑफिसातून तपासनीसांना बोलावून आणलं होतं, आणि पॉलिशच्या खोलीतले कामगारही हात पुसत बाहेर आले होते. इवाईंना सगळं ऐकू आलं होतं, तरी मी पुढे होऊन म्हणालो, की साहेब काय म्हणाले ते मागच्यांना ऐकू आलं नाही. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं की मला दोन घास जास्त जातात. मग त्यांनी ते परत म्हटलं, मोठ्याने: ती दारू नव्हती, हवा होती. भावाचं नाव घेऊन म्हटलं.

भाऊ कामगारांच्या मागे उभा होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “पुरे कर आता. त्याले चक्कर येऊन राहिली.”

मी म्हटलं, पडू दे. भाऊ माझ्याकडे न बघता पुढे गेला, साहेबांना सावलीत बसवलं आणि पाणी आणायला गेला. इवाईंनी तेही पाहिलं.

पंखा नंतर टबांच्या मागच्या भिंतीत, खाली बसवला. हवा दारातून येई, माणसांवरून टबांवर जाई आणि बाहेर पडे. तपासनीसांनी तसं लिहून दिलं होतं. माझी मात्र पुढे कारखान्याच्या गोदामात बदली झाली, लाखेच्या पोत्यांमध्ये. ‘दो बार की हवा’ म्हणणारे कमी झाले, पण बंद झाले नाहीत.

इवाई त्याच संध्याकाळच्या पॅसेंजरने परत निघाले. स्टेशनवर मी विचारलं, की भावाची बायको कधी येणार. ते म्हणाले, उद्या आणून सोडतो. मग डब्यात चढता चढता म्हणाले, “पोरगी जवायाच्या घरी येते, तुमच्या नाई. तुमी लय तिखट मानूस.”