रेमतीच्या शेजारची जागा

मंडळी, आज मी भलतीच खूश आहे.

धडगावकडून माझ्या पाचवीच्या वर्गात आलेली रेमती घरी पावरी ही आदिवासी बोली बोलते. शाळेत दुपारची खिचडी खाताना मुली तिच्यापासून सरकून बसायच्या. मी रागावून त्यांना तिच्याजवळ बसवलं, तर तिने जेवणच सोडलं. चूक माझीच.

मग महिनाभर मीच डबा घेऊन तिच्याशेजारी बसले. काही विचारलं नाही, रोज एक पावरी शब्द तेवढा शिकले. मी चुकले की ती हसायची. गेल्या आठवड्यात तिने आमचुराची, म्हणजे वाळवलेल्या कैरीची, फोड माझ्या डब्यात टाकली.

आज वर्गातली वैष्णवी जवळ आली. "माले बी दे ना."

रेमतीने फोड दिली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा तिकडे सरका."

जागेवरून उठवल्याचा एवढा आनंद तुम्हाला कधी झालाय?