भीमाबाई चित्रात बसेना

कोमलच्या पायाला लहानपणापासून भिंगरी. उरणच्या कोळीवाड्यातून ती खारघरला एका जाहिरातीच्या कचेरीत लागली, तरी खुर्चीत बूड टेकेना. काम अडलं की उठायची, खिडकीशी जायची, परत यायची.

त्या आठवड्यात काम तसंच अडलं होतं. एका बिल्डरला आपल्या प्रदर्शनात भिंतभर चित्र हवं होतं: पनवेलचा बाजाररस्ता, पण खेळण्यातल्या गावासारखा. खास लेन्स आणायची नाही, पुठ्ठ्याचा देखावा करायचा नाही, फोटो एआयला द्यायचा आणि शब्दांनीच काय ते करून घ्यायचं, असं तिचा साहेब इंद्रजीत म्हणाला.

फोटो तिनेच एका गच्चीवरून काढला होता. पहिल्यांदा तिने नुसतं लिहिलं, रस्ता खेळण्यातला कर. आलं ते कुठलंच गाव नव्हतं. गुलाबी घरं, आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं म्हणून गिचमिड. मग तिने विचार केला की लहान वस्तू जवळून टिपली तर दिसते कशी. वरून दिसते, एक अरुंद पट्टा तेवढा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं धूसर होत जातं. तिने तसंच लिहिलं. फोटो तोच ठेव, इमारती हलवू नकोस, मधला आडवा पट्टा स्पष्ट ठेव, वरचा आणि खालचा भाग हळूहळू पुसट कर, रंग गडद, ऊन लख्ख, माणसं रंगवलेल्या बाहुल्यांसारखी. आता जमलं. रिक्षा चिमटीत धरून उचलाव्यात अशा दिसू लागल्या.

पण खालच्या डाव्या कोपऱ्यात फुलांच्या कुंड्या होत्या. मूळ फोटोत त्या जागी तिची आत्या होती. भीमाबाई रोज सकाळी तिथेच पाटी मांडून मासळी विकायची.

कोमलने पुन्हा करून पाहिलं. आत्या नाहीच. तिच्या लक्षात आलं, आपण ‘स्वच्छ, गोंडस रस्ता’ असं लिहिलं आहे. ते शब्द काढले. मग आत्या आली, पण उभी, आणि पाटीत संत्री. कोमलने नेमकं लिहिलं: डाव्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली बाई जमिनीवर बसलेली, पुढ्यात बोंबील आणि कोलंबी, समोर वाकलेलं गिऱ्हाईक. आत्या बसली, मासे आले, पण धूसर भागात. तिने स्पष्ट पट्टा खाली घ्यायला सांगितला, तर वरच्या इमारतीचा एक मजला गेला. एक जागेवर आणावं तर दुसरं हलत होतं. इंद्रजीत म्हणाला, कुंड्या छान होत्या, इतका जीव का काढतेस. ती संध्याकाळपर्यंत लिहीत राहिली आणि शेवटी आत्या मिळाली. बोटाएवढी, स्पष्ट, हातात कोयती घेतलेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती पनवेलला गेली आणि फोन आत्यापुढे धरला. भीमाबाईने हात पुसले, डोळे बारीक करून पाहिलं. हसली. मग विचारलं, हे कुठं लावणार. कोमलने मोठ्या कौतुकाने सांगितलं, प्रदर्शनात, भिंतभर, मोठमोठी माणसं येतील.

भीमाबाईचं हसू गेलं.

“मला काढ यातनं.”

“अगं आत्या, किती खटपट करून आणलं तुला.”

“आणलंस ते बरं केलंस. पण हितं बसायला बंदी हाय. पालिकेची गाडी आली का पाटी उचलून पलतो आमी. तू मला भिंतीवर चिकटवून ठेवशील, मंग मी पलू कुठं? उद्या कोणी बोट दाखवील, हीच ती, हितंच बसते. आमाला नाय पायजे.”

कोमलला राग आला, आणि कोणावर ते कळेना. आत्याने चार बोंबील कागदात बांधून दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कचेरीत तिने एकच वाक्य बदललं: कोपऱ्यात रिकामा फुटपाथ, कोणी नाही, कुंड्याही नकोत. पहिल्याच फटक्यात आलं. इंद्रजीतला काही फरक दिसला नाही. त्याने चित्र पाठवून दिलं आणि पुढचं काम सांगितलं. खारघरचा, त्यांच्याच कचेरीखालचा रस्ता, पण या वेळी तिरप्या कोनातून पाहिल्यासारखा, समांतर रेषा लांब जाऊनही एकत्र येत नाहीत असा, चौकोनी पाटावर मांडलेला देखावा.

यात तर फोटोत न दिसणाऱ्या बाजूही एआय मनानेच रचणार. कोमलने दोन ओळी लिहिल्या आणि उठली. खिडकीशी गेली नाही, जिना उतरून थेट खाली गेली. दाराशी चहाची टपरी होती. टपरीवाल्या रामूला तिने सगळं समजावून विचारलं, तुम्हाला चित्रात ठेवू का नको.

रामूने गाळणं आपटून चोथा टाकला. असं विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ठेवा की. पण पाटीवरचं नाव नीट पाहिजे.”

नीट येणार नाही, ते हातानेच बसवावं लागेल, हे तिला ठाऊक होतं. तिने तसं सांगितलं, चहाला नको म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली. मधेच थांबून परत खाली आली, शेजारच्या चांभाराला विचारायचं राहिलं होतं.