चार अंशांची सरळ रेघ

ऑफिसात तिला सगळे रेघाताई म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. दिवसभर स्क्रीनवरच्या रेघा बघत बसणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिलाही त्याचं काही वाटत नसे. वडील मात्र चिडवायचे, "एवढं शिकलीस आणि अखेर रेघोट्याच ओढतेस." त्यावर ती म्हणे, "ओढत नाही बाबा, नुसती बघते. ओढणारे वेगळे."

कंपनी लहानशी. दवाखान्यांना आणि औषधांच्या दुकानांना छोटे फ्रीज भाड्याने द्यायचे आणि प्रत्येक फ्रीजमध्ये तापमान मोजणारी एक डबी बसवायची, हा धंदा. डबी दर काही मिनिटांनी आतलं तापमान कळवायची. लस काय, इन्सुलिन काय, दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे. बराच वेळ त्याच्या वर राहिलं की औषध दिसायला तसंच दिसतं, गुण मात्र जातो. डब्यांकडून येणारे आकडे सांभाळायचे आणि ग्राहकांना अहवाल पाठवायचे, हे रेघाताईचं काम. तिला केबिन नव्हती. प्रिंटर आणि पाण्याच्या पिंपाच्या मधे एक टेबल होतं आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण तिला एखादा सल्ला देऊन जायचा.

तिच्या आधी तिथे एक प्रोग्रामर होता, मोठा हुशार. तेव्हा ग्राहक कुरकुर करायचे की आलेखातली रेघ मधेच तुटते, आम्ही काय तुटक्या रेघेचे पैसे भरतो? या पठ्ठ्याने तोड काढली. डबीकडून आकडा आलाच नाही, तर शेवटचा आलेला आकडाच पुढे ओढत न्यायचा. रेघ तुटायची थांबली, कुरकुर थांबली, त्याला शाबासकी मिळाली आणि ती खिशात घालून तो दुसऱ्या कंपनीत गेला. मागे काय राहिलं? डबी बंद पडली तरी पडद्यावर हिरवा दिवा आणि चार अंशांची देखणी सरळ रेघ. मेलेल्या माणसाला ताप चढत नाही, तसलाच प्रकार.

रेघाताईने हे आल्या आल्याच ओळखलं. चालू फ्रीजची रेघ कधी सरळ नसते. मोटर सुरू झाली की ती खाली येते, थांबली की वर चढते, कोणी दार उघडलं की उसळी घेते. म्हणून रोज सकाळी आल्यावर चहाच्या आधी ती एकेका फ्रीजची रेघ डोळ्यांत तेल घालून बघायची. सरळ दिसली की फोन. "जरा बघता का, डबीचा दिवा लागलाय का?" बहुतेक वेळा वायर सैल झालेली असायची. एकदा मात्र एका औषधाच्या दुकानातला फ्रीजच बंद पडला होता आणि ती वेळेवर बोलली म्हणून माल दुसरीकडे हलवता आला. दुकानदाराने आभार मानले, ते साहेबांचे.

तिने स्वतःच एक छोटा प्रोग्रामही लिहून पाहिला होता, आकडा बदलला नाही तर निरोप धाडणारा. पण तो चालायचा तिच्याच कॉम्प्युटरवर, आणि हिशेबाच्या बाईंचा नियम होता की घरी जाताना प्रत्येकाने आपला कॉम्प्युटर बंद करायचा, विजेचं बिल भरणं म्हणजे काही खायचं काम नाही. पहारेकरीच रोज संध्याकाळी झोपायला जाणार असेल तर चोराने तरी का घाबरावं?

शेवटी तिने व्यवस्थापनाला रीतसर अर्ज लिहिला. विषय: देखरेखीच्या सॉफ्टवेअरसाठी खर्चाची मंजुरी. एकच पान. हे सॉफ्टवेअर बाहेरच्या सर्व्हरवर चालतं, ऑफिस बंद असलं तरी जागं असतं. आकडे यायचे थांबले किंवा तोच आकडा तासन्‌तास येत राहिला की मोबाइलवर इशारा देतं, आणि एकाने तो बघितला नाही तर दुसऱ्याला फोन लावतं. वर्षाची वर्गणी एका नव्या फ्रीजपेक्षा कमी, पहिला महिना फुकट. खाली तिने आणखी एक मागणी घातली होती, जिला तर दमडीही लागणार नव्हती: आकडा आला नाही तर रेघ तुटलेलीच दाखवावी. अर्जाच्या छापील नमुन्यात एक रकाना होता, 'आजवर झालेलं नुकसान'. तिथे तिने प्रामाणिकपणे लिहिलं, शून्य. घोडं तिथेच अडलं.

"शून्य नुकसान टाळायला एवढा खर्च?" हिशेबाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"शून्य आहे, कारण मी रोज बघते," रेघाताई म्हणाली. "मी नसले तर कोण बघणार?"

"तू कुठे चाललीस?" साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, पण गोड बोलून हात आखडता घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "तुझ्या डोळ्यांना वर्गणी लागत नाही, हा केवढा फायदा आहे आपला. आणि तुटकी रेघ दाखवली तर ग्राहक पळतील. पुढच्या वर्षी बघू."

"साहेब, तहान लागल्यावर विहीर खणायची का?"

"पुढच्या वर्षी," साहेबांनी परत सांगितलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात तेच लिहून सही केली.

अर्जाचा मोबाइलवर फोटो काढून तिने तो फाइलला लावला आणि ती जागेवर येऊन बसली. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला, आणि तो स्वतःचाच. एखादा फ्रीज मुद्दाम बिघडू दिला असता तर रकान्यात आकडा आला असता, असा विचार तिच्या मनात चमकून गेला होता. त्या विचाराची तिला भीती वाटली.

पुढे वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, आणि इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच सलग रजा मागितली. जाताना तिने सगळं विक्री बघणाऱ्या पोराच्या गळ्यात घातलं. पोरगा तसा गुणी, पण बोलण्यात जेवढा पटाईत तेवढाच ऐकण्यात कच्चा. तिने त्याला सांगितलं होतं, रोज सगळ्या रेघा बघ, विचित्र काही दिसलं तर फोन कर. विचित्र म्हणजे काय, हे सांगायचं राहून गेलं. तिच्या दृष्टीने ते इतकं उघड होतं की सांगावं लागेल असं तिला वाटलंच नाही.

सोमवारी दुपारी ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसली होती. ऑपरेशन नीट झालं होतं, वडील आत झोपले होते, भाऊ औषधं आणायला गेला होता. बऱ्याच दिवसांनी तिला जरा निवांत वाटत होतं. तेवढ्यात पोराचा निरोप आला. "ताई, सगळं झकास. लहान मुलांच्या दवाखान्याचा फ्रीज तर बेस्ट, रेघ एकदम सरळ. साहेबांना पण दाखवली, म्हणाले नव्या ग्राहकाला हीच दाखव."

तिने लगेच त्याला फोन लावला.

"कधीपासून सरळ आहे?"

"शुक्रवार संध्याकाळपासून. का, चांगलंच आहे ना?"

त्याला उत्तर न देता तिने दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. सिस्टर तिच्या ओळखीच्या होत्या. डबीचा दिवा बघायला सांगायची ती यांनाच.

"फ्रीज तर मस्त गार आहे हो," सिस्टर म्हणाल्या. "डबीचा दिवा मात्र नाही लागलेला."

"शनिवार-रविवार तुमच्याकडे वीज गेली होती का?"

"आम्ही बंद होतो, काय माहीत. पण थांबा." पलीकडे पावलांचा आवाज आला. "मायक्रोवेव्हचं घड्याळ सकाळी शून्यावर लुकलुकत होतं खरं. मीच लावलं." मग त्यांनी दारातल्या रखवालदाराला विचारलं, आणि तो म्हणाला ते रेघाताईला फोनमधूनच ऐकू आलं. शुक्रवारी संध्याकाळी गेलेली वीज रविवारी संध्याकाळी आली होती. खालचा ट्रान्सफॉर्मर जळला होता.

म्हणजे भर उन्हाळ्यात दोन दिवस फ्रीज नुसतं कपाट होऊन उभा होता. वीज आल्यावर तो पुन्हा गार झाला, पण डबी काही परत सुरू झाली नाही.

"सिस्टर, आज लसीकरण होतं?"

"सकाळीच झालं. का?"

"एक मिनिट. मी परत फोन करते. तोवर त्या फ्रीजमधलं काही वापरू नका, त्यावर तशी चिठ्ठी लावा."

आधी साहेबांना कळवणं तिला भाग वाटलं. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग बोलले तेव्हा आवाज आणखी गोड झाला होता.

"आपल्या नोंदीत काय आहे? चार अंश ना?"

"ती नोंद नाही साहेब. तो शुक्रवारचा आकडा पुढे ओढलाय."

"तुला कळतं. बाहेर कोणाला कळतं?" ते म्हणाले. "हे बघ, खराब लस टोचल्याने काही कोणी आजारी पडत नाही. फार तर तिचा उपयोग होणार नाही. उरलेला माल आपण गुपचूप बदलून देऊ. आणि तुझं ते सॉफ्टवेअर आजच्या आज घे, मी मंजुरी दिली असं समज. फक्त तुझा तो जुना अर्ज फाइलमधून काढून टाक. असा अर्ज आपल्याकडे आलाच नव्हता."

जे मागितलं होतं ते मिळालं होतं. तिला त्याचा किळस आला.

"साहेब, त्या मुलांच्या आया समजणार की आपली पोरं सुरक्षित आहेत."

"भावनेच्या भरात काही करू नकोस. आधी ऑफिसात ये, बसून बोलू. बाबांच्या ऑपरेशनचा विमा आपल्या कंपनीकडूनच आहे ना?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

शेवटचं वाक्य त्यांनी काळजीने विचारावं तसं विचारलं होतं. काचेतून तिला वडील झोपलेले दिसत होते, तोंड जरा उघडं, हाताला सलाइन. भाऊ औषधांची पिशवी घेऊन जिन्याने वर येत होता. ती घाबरली होती. सिस्टरांचा नंबर पहिल्यांदा चुकीचाच लागला.

"बोला ताई," सिस्टर म्हणाल्या. "चिठ्ठी लावली मी."

"सिस्टर, सकाळी दिलेल्या लसी दोन दिवस गरम राहिलेल्या होत्या. त्यांचा भरवसा धरता येणार नाही. डॉक्टरांना आत्ताच सांगा. त्या सगळ्या मुलांना परत बोलवायचं का, ते त्यांना ठरवू द्या."

पलीकडे एका तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"पण तुमचा अहवाल आलाय आत्ताच," सिस्टर गोंधळून म्हणाल्या. "साहेबांनी स्वतः पाठवलाय. त्यात तर सगळीकडे चारच अंश आहे. डॉक्टर कोणाचं खरं मानणार?"

"माझं," ती म्हणाली. "तो अहवाल खोटा आहे, डबी बंद पडली की त्यात शेवटचाच आकडा येत राहतो. असं होणार म्हणून मी अर्ज केला होता, त्यावर साहेबांची सही आहे. त्याची प्रत पाठवते तुम्हाला."

तिने प्रत पाठवली. मग फोन मांडीवर ठेवून ती बसून राहिली. भावाने जवळ येऊन विचारलं, "काय गं, सगळं ठीक आहे ना ऑफिसात?" तिने मान हलवून नाही म्हणून सांगितलं, आणि विम्याचे कागद कुठे आहेत ते विचारलं.