नानासाहेबांच्या हॉलमधली झाडं

पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या कडेला आवडाबाईंची नर्सरी आहे. हिरव्या जाळीखाली हजारेक कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची. बाईंचं बालपण मेंढरांमागं गेलं. शाळा चौथीपर्यंत. पण कोणतं झाड कुठं जगेल, हे बाई घराचा पत्ता विचारण्याआधी खिडकीची दिशा विचारून सांगतात. गिऱ्हाइकांना याचा राग येतो, कारण त्यांना झाड नको असतं, फोटो हवा असतो.

गंगापूरचे नानासाहेब असेच आले. चाळीस एकर ऊस, शहरात नवा फ्लॅट आणि सोबत सून श्रेया, तिच्या कडेवर तान्हा नातू. सुनेच्या मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा हॉलचा फोटो होता.

"खिडकी कोणीकडं हाय?" बाईंनी विचारलं.

"उत्तरेला. पण समोर दुसरी इमारत आहे," श्रेया म्हणाली.

"मग अरेका पाम नका नेऊ, अन् क्रोटन तर नकोच. क्रोटनला ऊन लागतं. अंधारात पानं गाळतंय ते."

नानासाहेब हसले. "बाई, तीन पिढ्यांची शेती आहे आमची. झाड आम्हाला शिकवता?"

त्यांनी तीन अरेका आणि चार रंगीत क्रोटन गाडीत भरले. वास्तुशांतीला हॉलच्या भिंतीलगत सातही कुंड्या ओळीनं मांडल्या. पुढाऱ्याच्या सभेत पहिल्या रांगेत पाहुणे बसवावेत तशा. पाहुण्यांनी वाहवा केली आणि एकानं क्रोटनच्या कुंडीत उरलेला चहा ओतला.

तीन आठवड्यांनी नानासाहेब परत आले ते तणतणतच. "मेलेली झाडं विकता लोकांना?"

बाईंनी वाद घातला नाही. पायात चप्पल सरकवली आणि गाडीत बसल्या.

हॉलमध्ये भरदुपारी दिवे लागलेले. खिडकीवर मखमली पडदे. क्रोटनच्या काड्या उभ्या होत्या, अरेका पिवळे पडले होते. बाईंनी एक अरेका चमकत्या पितळी भांड्यातून बाहेर ओढला. भांड्याला भोक नव्हतं. तळाशी चार बोटं पाणी साचलेलं, मुळं काळी, आणि वास असा की श्रेयानं पदर नाकाला लावला.

"पाणी कोण घालतं?"

"मी," नानासाहेब छाती काढून म्हणाले. "रोज पहाटे. भरपूर. एक दिवस चुकवला नाही."

"नाना, ह्यो ऊस हाय व्हय?"

सून पटकन आत पाणी आणायला गेली. तिचे खांदे हलत होते.

बाईंनी दिवे बंद केले, पडदे बाजूला सारले आणि टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं. ते घेऊन त्या कोपऱ्याकोपऱ्यात उभ्या राहिल्या. "जिथं दुपारी दिव्याबिगर अक्षर दिसत नाय, तिथं काहीच जगणार नाय. तिथं समई ठेवा. खिडकीजवळ बघू."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून चार कुंड्या आल्या. खिडकीशेजारच्या कोपऱ्यात मागं उंच, ताठ स्नेक प्लांट. त्याच्या पुढं एका बाजूला झीझी, गडद आणि चकचकीत. सर्वांत पुढं, बुटक्या स्टुलावर चंदेरी पानांचा ॲग्लोनिमा. मागची लाकडी भिंत काळपट असल्यानं ती पानं लगेच उठून दिसली. श्रेयाला लाल ॲग्लोनिमा हवा होता. "लालला उजेड जास्ती लागतो पोरी, इथं फिका पडंल." चौथा, हिरवा मनी प्लांट उंच कपाटावरून खाली सोडला, नातवाचा हात पोचू नये म्हणून. "झीझी अन् ॲग्लोनिमालाबी तोंड लावू देऊ नका त्याला. तोंड सुजतं. रांगायला लागला की त्या बी वर ठेवा."

"आणि पाणी?" नानासाहेबांनी विचारलं. हातात तांब्या तयारच होता.

बाईंनी तो काढून घेतला. "दोन पेरं बोट मातीत घाला. ओल लागली तर गप बसा. झीझीला महिना महिना नाय दिलं तरी चालतं. पंधरा दिवसांनी पानं पुसा, कुंडी जरा फिरवा. बस्स."

उसाच्या तोडीला सगळं घर गंगापूरला गेलं ते पाच आठवडे राहिलं. नानासाहेबांना तिथं झोप लागेना. परतल्यावर दार उघडून ते आधी कोपऱ्याकडं धावले. झाडं जशीच्या तशी होती. झीझीला तर नवा कोंब आला होता. नानासाहेबांचा चेहरा पडला. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, आणि तेही कुंडीकडून.

पण माणूस जिद्दीचा. आठवड्यात त्यांनी ते दुःख पचवलं. पुढच्या रविवारी शेजारच्या तिघांना घेऊन ते नर्सरीत हजर झाले आणि खुर्चीत बसून बाईंच्या देखत बोलू लागले, "घरातल्या झाडाचं वर्म एकच, पाणी कमी. हे पुस्तकात नसतं, शेतकऱ्याच्या रक्तात असतं. काय हो आवडाबाई?"

"व्हय तर," बाई म्हणाल्या. आणि पहिल्या शेजाऱ्याकडं वळल्या, "तुमची खिडकी कोणीकडं हाय?"